आधी वाचू द्या, मग मागा

सर्चमधून एखादा लेख उघडावा, पहिली ओळ वाचायला घ्यावी आणि तेवढ्यात सगळा स्क्रीन झाकत 'आमचं ॲप घ्या' यावं, याचा मला मनापासून राग येतो. फुली इतकी बारीक की बोट भलतीकडेच पडतं. त्यात ई-मेलचा रकाना असला तर कीबोर्ड वर येतो आणि कधी कधी फुलीच दिसेनाशी होते.

असे पॉप-अप लावणारे म्हणतात, "पण त्यातून डाउनलोड मिळतात!" मिळतात, मान्य. पण कंटाळून परत गेले त्यांना कोण मोजतं? गूगलने गूगल प्लस या आपल्याच तेव्हाच्या सोशल नेटवर्कच्या मोबाइल साइटवर ते मोजलं आणि २०१५ मध्ये आकडे जाहीर केले. ॲपची पूर्ण पानभर जाहिरात पाहून ९ टक्के भेटींमध्ये 'ॲप घ्या' बटण दाबलं गेलं. ६९ टक्के भेटी मात्र तिथेच संपल्या, म्हणजे ना ॲप, ना साइट. नुसते ९ टक्के पाहिले असते तर जाहिरात यशस्वीच वाटली असती. मग ती काढून छोटी पट्टी लावली. मोबाइल साइटचे रोजचे सक्रिय वापरकर्ते १७ टक्क्यांनी वाढले आणि आयफोनवरची ॲपची इन्स्टॉल फक्त २ टक्क्यांनी घटली.

पुढे १० जानेवारी २०१७ पासून गूगलने नियमच केला: मोबाइल सर्चमधून आलेल्या वाचकाला मजकूर सहज दिसत नसेल, तर ते पान निकालांत खाली जाऊ शकतं. हा अनेक निकषांपैकी एक आहे, त्यामुळे मजकूर अगदी नेमका असेल तर पान तरीही वर राहू शकतं. कुकीची संमती, वयाची खातरजमा अशा कायद्याने लागणाऱ्या खिडक्यांना यातून सूट आहे.

मग मागायचं कसं? ॲपसाठी आयफोनच्या सफारीत एक ओळ पुरते, पट्टी ब्राउझर स्वतःच दाखवतो:

```html
<meta name="apple-itunes-app" content="app-id=तुमचा-क्रमांक">
```

ई-मेल हवा असेल तर फॉर्म लेखाच्या शेवटी, मजकुराच्या ओघातच ठेवा. तिथवर पोचलेल्या माणसाने तुमचं लिखाण वाचलेलं असतं, त्याच्याकडे मागण्यात संकोच नाही. स्वतःची पट्टी करणार असाल तर ती तळाशी, दोन ओळींची ठेवा आणि फुली बोटाएवढी. ती मजकुरावर उशिरा येऊन आदळू नये, नाहीतर वाचत असलेली ओळच झाकली जाते.

आणि साइट तुमची असेल तर आज एक करा. फोनवर इन्कॉग्निटो टॅब उघडा, सर्चमध्ये स्वतःचा लेख शोधा आणि तिथून आत या. एरवी तुम्हाला तो पॉप-अप दिसतच नाही, कारण तुम्ही तो केव्हाच बंद केलेला असतो आणि कुकीने ते लक्षात ठेवलेलं असतं. नव्या वाचकाला मात्र तो पहिल्याच भेटीत दिसतो.