दारू अचानक बंद करण्याच्या मेसेजबद्दल खुलासा

“दारू एका झटक्यात सोडवा. तीन दिवस खोलीत कोंडा, लिंबूपाणी द्या, थरथर आपोआप जाते.”

नेमके हेच तीन दिवस धोक्याचे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीवर मात करायला सतत जादा उत्तेजित राहायला शिकलेला असतो. दारू एकदम थांबली की तो ब्रेक सुटतो, उत्तेजना तशीच राहते.

समजा, शेवटचा पेग रविवारी रात्री दहाला. सोमवारी सकाळी घाम, धडधड, हातातल्या कपातला चहा बशीत सांडतो. सोमवार-मंगळवारी फिट येऊ शकते, कधी थरथर फारशी नसतानाही. मंगळवार रात्रीपासून गुरुवारपर्यंत काहींना ताप चढतो, भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाल्यास जीव जाऊ शकतो. लिंबूपाण्याने यातलं काहीच थांबत नाही.

डॉक्टर डायझेपामसारखं औषध देऊन काही दिवसांत डोस उतरवतात, सोबत थायमिन हे जीवनसत्त्व देतात. ही औषधं घरच्या घरी देऊ नका. आधी फिट येऊन गेली असेल तर दारू थांबवणं रुग्णालयातच. फिट आली, भास झाले तर लगेच १०८.

खोलीत कोंडायला सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर डिलीट करा.