जुन्या लॅपटॉपवर कोडिंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "जिनी वगैरे जुनाट एडिटर शिकवून तुम्ही सोलापूरच्या मुलांना मागे ठेवताय. कंपन्यांत सगळे व्हीएस कोड वापरतात. हजार-दोन हजारांची एसएसडी टाकली की जुना लॅपटॉपही पळतो. उगाच काटकसर कशाला?"

नमस्कार सर. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी जरूर टाका, हे मलाही मान्य आहे. मशीन लवकर सुरू होतं, फाइली पटकन उघडतात. पण रॅम कमी पडण्याचं दुखणं त्याने बरं होत नाही.

आमच्या शेजारचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. त्याच्याकडे २ जीबी रॅमचा सेकंडहँड लॅपटॉप आहे, एसएसडी आधीच टाकलेली, लिनक्स मिंट. तरी पायथॉनची चाळीस ओळींची फाइल लिहिताना अक्षरं थांबून थांबून उमटायची. आम्ही टर्मिनलमध्ये हे चालवलं:

```
free -h
vmstat 1
```

पहिल्यात `free` या रकान्याकडे बघून घाबरू नये. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की सोडतो. खरा आकडा `available` खाली असतो, आणि तो अगदी तळाला गेला होता. दुसऱ्यात `si` आणि `so` बघायचे. पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या. पुढच्या ओळींत हे दोन्ही आकडे सतत शून्याच्या वर राहिले, तर रॅममध्ये न मावणारा मजकूर डिस्कवर जातोय आणि लगेच परत येतोय. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमपेक्षा खूपच हळू, म्हणून टायपिंग अडखळतं.

आता व्हीएस कोड. तो इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे त्याच्या पोटात क्रोमियम ब्राउझर चालतो. खिडकी एक दिसली तरी प्रोसेस अनेक असतात, शिवाय पायथॉनच्या एक्स्टेन्शनचा लँग्वेज सर्व्हर वेगळा. शेजारी फायरफॉक्स उघडा असला की २ जीबी संपलेच. जिनी जीटीकेवर चालतो, आत ब्राउझर नाही. एफ५ दाबलं की फाइल चालते, खालच्या पट्टीत टर्मिनल असतं, फंक्शनची यादी डावीकडे दिसते. त्या मुलाने जिनी घेतला, फायरफॉक्सचे टॅब दोनवर आणले, आणि `si`-`so` बहुतेक वेळ शून्यावर राहू लागले. त्याचा अभ्यास आता मशीनसाठी अडत नाही, आणि मला त्याचंच महत्त्व वाटतं.

मागे पडण्याबद्दल सांगायचं तर, लूप कुठे चुकला हे शोधणं आणि गिट वापरणं या गोष्टी एडिटरवर अवलंबून नाहीत. ज्याला त्या येतात, तो नोकरीत व्हीएस कोड थोड्याच दिवसांत हाताळू लागतो.

मर्यादा मात्र आहेत. अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर २ जीबीत चालवायला जाऊ नये, त्यासाठी कॉलेजची लॅब बरी. आणि खर्च करायचाच असेल तर आधी `sudo dmidecode -t memory` चालवून रॅमचा एखादा स्लॉट रिकामा आहे का ते पाहा. असेल, तर एसएसडीसाठी काढलेले पैसे आधी रॅमवर घाला.