वीस टाळक्यांचा वर्ग आणि अठ्ठेचाळीस जणांची प्रयोगशाळा

«सरकारी कॉलेजात गर्दी आहे, मास्तर नाहीत, ही नुसती ओरड आहे. कधीही जाऊन बघा, वर्गात वीस टाळकी असतात. प्राध्यापक लाखाच्या वर पगार घेतात आणि आठवड्याला फक्त सोळा तास शिकवतात. जागा रिकाम्या असल्या तरी तासिकेवर माणसं घेतलीच आहेत की! आणि ज्याला शिकायचंय त्याला मोबाइलवर सगळं मिळतं.»
(गेल्या महिनाभरात पुण्यातील अनेक व्हॉट्सअॅप गटांवर फिरलेला संदेश)

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वरील संदेश आमच्या सोसायटीच्या गटावर आला, नंतर मामांनी पाठवला आणि शेवटी वर्गमित्रांच्या गटावरही येऊन पडला. मी पुण्यातील एका महाविद्यालयात द्वितीय वर्ष बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकतो. आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. पुण्यात ज्यांना लोक सहजपणे ‘सरकारी कॉलेज’ म्हणतात, त्यांपैकी बहुतेक कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये खासगी संस्थांची, पण अनुदानित आहेत. म्हणजे संस्था चालवणार, पगार शासन देणार आणि पद भरायचे तर शासनाची परवानगी लागणार. माझे महाविद्यालय त्यांपैकीच एक आहे. हे सांगण्याचे कारण असे, की पद रिकामे का राहते याचे उत्तर या रचनेतच दडलेले आहे.

टाळक्यांचा हिशेब आधी करतो. संदेश लिहिणाऱ्याने वीस मुले पाहिली असतील, हे मी मान्य करतो. मीही पाहिली आहेत. आमच्या तुकडीत १२० विद्यार्थी आहेत. जुलैमध्ये शेजारच्या तुकडीसह आम्हाला एकाच सभागृहात बसवले होते, कारण दोन्ही तुकड्यांना तो विषय शिकवायला एकच शिक्षक होते. मागच्या दारापर्यंत मुले उभी असत आणि फळ्यावरची समीकरणे शेवटच्या चार रांगांना दिसत नसत. मग ‘ऑफ लेक्चर’ सुरू झाली. वेळापत्रकात चार तास लिहिलेले असायचे आणि प्रत्यक्षात दोन व्हायचे, तेही कोणते दोन हे सकाळी कळायचे. उरुळी कांचनहून किंवा राजगुरुनगरहून येणारा मुलगा अशा दोन तासांसाठी जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये काढत नाही. डिसेंबरात तेच सभागृह अर्धे रिकामे दिसते. काही जण शिक्षक असते तरी आले नसते, हेही खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. मात्र डिसेंबरातल्या रिकाम्या बाकांचा फोटो काढून जुलैची गर्दी खोटी ठरवता येत नाही. शिवाय ज्यांना खरोखर मोजणी करायची आहे, त्यांनी व्याख्यानाच्या वर्गात जाऊच नये. त्यांनी प्रयोगशाळेत यावे, कारण प्रात्यक्षिकाला दांडी मारता येत नाही आणि तिथे खरा आकडा दिसतो.

आमच्या तुकडीच्या प्रात्यक्षिकाच्या पाच बॅच आहेत, प्रत्येकी २४ जणांच्या. कागदावर प्रत्येक बॅचला एक शिक्षक आहे. प्रत्यक्षात दोन बॅच एकत्र होतात आणि ४८ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक उरतो. प्रयोगशाळा साहाय्यकाचे पद रिकामे आहे. द्रव मोजून थेंबाथेंबाने सोडायच्या काचेच्या नळ्या, म्हणजे ब्युरेट, बऱ्याच आहेत, पण तोटीतून न गळणाऱ्या १२ आहेत. म्हणजे एका ब्युरेटमागे चौघे.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे अनुमापन घ्या. शंकुपात्रातील आम्ल साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवावे लागते, मग वरून परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचे आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे. द्रावण थंड झाले, सल्फ्युरिक आम्ल कमी पडले किंवा घाईने धार सोडली, तर गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा येतो आणि ते वाचन फेकून द्यावे लागते. परमँगनेटचा रंग इतका गडद असतो, की ब्युरेटमधील वक्र पातळीची खालची कड दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या कडेवरून घ्यायचे. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत आहे आणि हातात यायला कोणीतरी शेजारी उभे राहून ‘खालून नको, वरून बघ’ असे म्हणावे लागते.

आता वेळ मोजा. एक अंदाजी वाचन आणि जुळणारी तीन, अशी चार वाचने प्रत्येकाने घ्यायची. तापवण्यासकट एका वाचनाला दहा मिनिटे धरली, तर एका विद्यार्थ्याला चाळीस मिनिटे लागतात आणि चौघांना १६० मिनिटे. प्रात्यक्षिक तीन तासांचे असते. वजन करून द्रावण तयार करण्यात आणि हजेरीत पाऊण तास जातो, उरतात १३५ मिनिटे. तिघांनंतर पंधराच मिनिटे उरतात आणि चौथ्याची पाळी एका वाचनावरच अर्धवट राहते. मग एकजण अनुमापन करतो, दुसरा ज्योत सांभाळतो आणि उरलेले दोघे जर्नल भरतात.

याचा पुरावा कोणालाही तपासता येईल असा आहे. जुळणाऱ्या वाचनाला आम्ही ‘सी.बी.आर.’ म्हणतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या २४ जणांची सी.बी.आर. ०.१ किंवा ०.२ मिलीलीटरने तरी इकडेतिकडे होतेच. कोणाचा डोळा वेगळा, कोणाचा थेंब मोठा. आमच्या बॅचची जर्नले मी एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिली. चौघाचौघांच्या गटात वाचने दशांशापर्यंत तीच होती आणि दोन गटांनी तर एकमेकांचीच उतरवली होती. माझ्या जर्नलमधलेही एक वाचन माझ्या हाताने घेतलेले नाही. सही सगळ्यांवर आहे. ४८ जर्नलांवर सह्या करणाऱ्या एका माणसाने आणखी काय करावे, हे मला सांगता येणार नाही.

सोळा तासांविषयी. हा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतला आहे आणि अर्धाच उचलला गेला आहे. सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला ४० तासांचा आहे आणि त्यातील १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचे आहेत. सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांसाठी ते १४ आहेत. उरलेल्या वेळेत काय होते, याचे एकच उदाहरण देतो. एका शिक्षकाकडे १२० च्या तीन तुकड्या असतील, तर एका अंतर्गत चाचणीच्या ३६० उत्तरपत्रिका होतात. प्रत्येकीला पाच मिनिटे दिली तरी तीस तास लागतात. सहामाहीत अशा चाचण्या एकापेक्षा जास्त असतात, त्यात महाविद्यालयाची श्रेणी ठरवणाऱ्या नॅकच्या फायली आणि परीक्षा विभागाचे काम वेगळे. पगाराबाबत म्हणायचे, तर सातव्या वेतन आयोगानुसार नव्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते आणि वरिष्ठांचे लाखाच्या वर जाते. तो पगार घेऊन वर्गावर न जाणारे शिक्षक आहेत का? आहेत, मीही पाहिले आहेत. पण रिकाम्या खुर्चीला पगार मिळत नाही आणि माझे पत्र त्या खुर्चीबद्दल आहे.

‘तासिकेवर माणसं घेतलीच आहेत की’ या वाक्यावर मात्र थांबावे लागेल, कारण ज्यांनी कधी हिशेब मांडला नाही त्यांना ते सर्वांत पटणारे वाटते. आमच्या विभागात मंजूर पदे आठ आणि भरलेली तीन. त्या तिघांपैकी एक सर उपप्राचार्यही आहेत. पाच रिकाम्या पदांचे अध्यापन, प्रत्येकी १६ तासांप्रमाणे, आठवड्याला ८० तास होते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला शासनाच्या नियमानुसार आठवड्याला नऊच तासिका देता येतात. म्हणजे ८० तास भरून काढायला नऊ माणसे हवीत. आमच्याकडे पाच आहेत. पाच नव्वे पंचेचाळीस. ३५ तास कोणाच्याच नावावर नाहीत. वेळापत्रकात ते दिसत नाहीत, कारण तिथे तुकड्या जोडल्या जातात. सुरुवातीला सांगितलेले सभागृह आणि ४८ जणांची बॅच या ३५ तासांतूनच आली आहे.

नऊ माणसे का मिळत नाहीत, याचे उत्तर आमच्या एका मॅडमच्या दिनक्रमात आहे. त्या नेट उत्तीर्ण आहेत आणि आम्हाला भौतिक रसायन त्यांच्याइतके कोणी समजावून दिलेले नाही. सकाळी सात ते दहा त्या आमच्याकडे असतात आणि साडेदहाला दुचाकीवरून दुसऱ्या महाविद्यालयात पोहोचतात. एका ठिकाणच्या नऊ तासिकांवर घर चालत नाही. घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते; दिवाळीची सुटी, परीक्षेचा महिना आणि उन्हाळा कोरडा जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले होते. राज्यातला दर त्याहून कमी आहे. मॅडमना शंका विचारायची, तर वाहनतळापर्यंत सोबत चालत जावे लागते. आयोगाच्याच २०१८ च्या विनियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसाव्यात, असे म्हटले आहे. आमच्या विभागात आठांपैकी पाच पदांचा भार तासिकांवर आहे.

पदे भरली जात नाहीत असेही नाही, पण ती तुंबून राहतात आणि मग एकदम थोडी सुटतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने अनुदानित महाविद्यालयांतील ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या भरतीला मान्यता दिली आणि त्यांतल्याच न भरलेल्या २,०८८ पदांना नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. निवृत्ती मात्र दर महिन्याला होत असते. मान्यता आल्यावर ना-हरकत, आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात, तज्ज्ञांसह निवड समिती आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता, असा प्रवास असतो. एवढ्यात आमच्यासारख्यांची पदवीची वर्षे निघून जातात.

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही. मीही त्यावर अनुमापन पाहिले आहे आणि त्यातले शंकुपात्र कधीच थंड पडत नाही.

आपल्या वृत्तपत्राने एवढेच करावे, अशी विनंती आहे. शहरातील प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाकडून विषयवार चार आकडे मागवून छापावेत: मंजूर पदे, भरलेली पदे, तासिका तत्त्वावरील शिक्षक आणि प्रवेशित विद्यार्थी. त्यावरून कोणालाही वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करता येईल. आमची प्रात्यक्षिक परीक्षा मार्चमध्ये आहे आणि तिथे ब्युरेट प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. तेव्हा परमँगनेटची वरची कड वाचायची की खालची, हे आमच्यापैकी निम्म्यांना प्रथमच स्वतः ठरवावे लागेल.

आपला,
द्वितीय वर्ष बी.एस्सी.चा एक विद्यार्थी, पुणे