विसार घेतला म्हणजे विक्री झाली का?

'ऑर्डरचा ॲडव्हान्स बँकेत आला की ते उत्पन्नच. 31 मार्चपूर्वी आलेला सगळा ॲडव्हान्स त्याच वर्षीच्या विक्रीत धरा. त्यावर जीएसटीही लगेच भरून टाका, म्हणजे आकडे जुळतील. आणि परत द्यायचाच नाही असं ठरलेला ॲडव्हान्स देणं कसा होईल?'

असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. तो कितपत खरा, ते एक ऑर्डर घेऊन बघू. कुपवाड एमआयडीसीतला एक वर्कशॉपवाला हळद पॉलिशचा ड्रम बनवतो. किंमत 8,00,000 रुपये (जीएसटी तूर्त बाजूला ठेवू), एकूण खर्च 6,00,000. ग्राहकाने 12 मार्चला 3,00,000 दिले. 31 मार्चपर्यंत पत्रा, शाफ्ट आणि मजुरीवर 2,40,000 खर्च झाले आणि ड्रम अर्धवट शेडमध्येच आहे. 22 एप्रिलला तो ग्राहकाकडे पोहोचला, 26 एप्रिलला चाचणी होऊन ग्राहकाने सही दिली.

मार्चमध्ये ते 3,00,000 विक्रीत टाकले तर काय होतं? अर्धवट ड्रमचे 2,40,000 अखेरच्या साठ्यात धरलेलेच असतात, म्हणजे या ऑर्डरचा खर्च नफा-तोट्यात उतरलेलाच नाही. सबंध 3,00,000 नफा दिसतो आणि त्यावर कर भरला जातो. पुढच्या वर्षी उरलेली विक्री 5,00,000, खर्च मात्र सगळा 6,00,000, म्हणजे एक लाख तोटा. एकाच ड्रमवर आधी तीन लाख नफा, मग एक लाख तोटा. खरा नफा दोन लाख, तोही एप्रिलचा. त्यात बिल पूर्ण 8,00,000 चं निघतं, ते तसंच विक्रीत चढवलं तर विक्री 11 लाखांवर जाते.

बरोबर नोंद साधी आहे. 12 मार्चला बँक खाते नावे 3,00,000, ग्राहकाचा ॲडव्हान्स जमा 3,00,000. ताळेबंदात तो चालू देण्यांत बसतो. विक्री धरायच्या दिवशी ग्राहक नावे 8,00,000, विक्री जमा 8,00,000, आणि मग ॲडव्हान्स नावे टाकून तो ग्राहकाच्या खात्यात वळता करायचा. येणं उरतं 5,00,000.

विक्री नेमकी कधी धरायची, हे मालाचा धोका आणि ताबा ग्राहकाकडे कधी गेला यावर ठरतं. लहान उद्योगांना लागू असलेल्या एएस 9 या लेखा मानकात, बसवणी आणि तपासणीच्या अटीवर दिलेल्या मालाची विक्री साधारणपणे ग्राहकाने स्वीकारल्यावर आणि बसवणी पूर्ण झाल्यावरच धरतात. म्हणून इथे तारीख 26 एप्रिल, 22 नव्हे. बसवणी किरकोळ असेल, नुसती प्लगला जोडण्यापुरती, तर पोहोच झाली की पुरे. शेडमधून गाडी निघाली की धोका ग्राहकाचा, असं ऑर्डरवर लिहिलेलं असेल आणि बसवणीची अट नसेल, तर गाडी भरल्याची तारीख. हे ऑर्डरच्या कागदावरून ठरतं, बँक पासबुकावरून नाही.

जीएसटीचा सल्ला तर अर्धाच खरा. मालाच्या ॲडव्हान्सवर, कंपोझिशनमधले सोडून इतर नोंदणीकृत व्यापाऱ्यांना, 15 नोव्हेंबर 2017 पासून जीएसटी लागत नाही. तो बिलाच्या वेळी लागतो. सेवेच्या ॲडव्हान्सवर मात्र लागतो, आणि GSTR-1 मध्ये तो 11A तक्त्यात दाखवायचा. पण कर भरला म्हणून ते उत्पन्न होत नाही. 1 जानेवारीपासून वर्षभराच्या देखभालीचे 59,000 आले, त्यात 9,000 जीएसटी, तर 31 मार्चला उत्पन्न तीन महिन्यांचं 12,500. उरलेले 37,500 देणंच. जीएसटीची उलाढाल आणि पुस्तकातली विक्री यांत पडणारा हा फरक बरोबरच आहे. तो मिटवू नये, ताळमेळाच्या तक्त्यात लिहावा.

राहिला परत न द्यायचा ॲडव्हान्स. जागेच्या सौद्यात विसार घेतला म्हणून जागा विकली, असं खरेदीखताआधी कोणी म्हणत नाही. इथे देणं पैशांचं नाही, ड्रमचं आहे. ऑर्डर रद्द होऊन, करारानुसार ग्राहकाचा हक्क संपून रक्कम जप्त झाली, तर त्या दिवशी ती उत्पन्नात जाते, आणि तीही विक्री म्हणून नाही, इतर उत्पन्न म्हणून.

टॅलीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो असा: पावती ग्राहकाच्या खात्यात 'On Account' टाकली जाते. खातं Sundry Debtors मध्ये असल्याने ही जमा बाकी इतरांच्या येण्यातून वजा होते, आणि बँकेला दिलेल्या येण्याच्या यादीत आकडा तीन लाखांनी कमी दिसतो. पावतीला 'Advance' संदर्भ द्यावा, बिलाला 'Agst Ref' ने तोच जोडावा. पण नुसत्या संदर्भाने ही वजावट थांबत नाही, म्हणून 31 मार्चला Sundry Debtors उघडून जमा बाकी असलेली खाती शोधावीत आणि त्यांतला ॲडव्हान्स ताळेबंदात देण्यांत दाखवावा. अशा खात्यामागे बहुतेकदा एकतर न दिलेला माल असतो, नाहीतर बनवायचं राहून गेलेलं बिल.