‘होतं असं’ म्हणजे समुपदेशन नव्हे

*‘डॉक्टरताई, "रक्तस्राव अनियमित होतो पण धोका नसतो" हे लिहायला तुम्हाला एक ओळ पुरली. माझ्या धाकट्या जावेने पाळणा लांबवायला अंतराचं इंजेक्शन घेतलं आणि सलग चाळीस दिवस तिच्या अंगावरून जात होतं. गौरी आल्या तेव्हा ती बाजूला बसून होती. दवाखान्यात विचारलं तर "होतं असं". आधी सांगितलं असतं तर तिने सुई घेतलीच नसती. म्हणूनच सांगत नाहीत ना?’*

ताई, ती ओळ अपुरी होती, आणि तुमची शंका अगदीच खोटी नाही. ‘रक्ताचं फार बोलू नका, बाया पळतात’ हे मी स्वतः ऐकलंय. प्रत्यक्षात उलटं घडतं. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये याच इंजेक्शनवर अभ्यास झाला. काही बायकांना रक्तस्राव कसा बदलेल हे आधीच नीट समजावलं, बाकीच्यांना नेहमीची जुजबी माहिती दिली. वर्षभरात इंजेक्शन सोडणाऱ्या बायका पहिल्या गटात शंभरात १७ होत्या, दुसऱ्यात ४३. आणि ऐकून एखादी ‘नको’ म्हणाली, तर तोही तिचा योग्यच निर्णय. तुमच्या जावेला तो घेता आला नाही, हीच खरी चूक आहे.

तिला आधी काय सांगायला हवं होतं? पहिलं म्हणजे, हे रक्त पाळीचं नाही. इंजेक्शन आणि दंडात बसवायची काडी (इम्प्लांट), दोन्हींत फक्त प्रोजेस्टिन हे संप्रेरक असतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होऊन कुठेही, केव्हाही पाझरतात. म्हणून कधी नुसते डाग, कधी लांबलेला स्राव, आणि तारखेचा पत्ताच नाही. पुढे पाळी बंद झाली तर ‘घाण रक्त आत साठतंय’ असं घरात कुणीतरी म्हणतंच. साठत काहीच नाही. अस्तरच वाढलेलं नसतं.

दुसरं, या दोन साधनांचा प्रवास वेगळा आहे. इंजेक्शनमध्ये पहिले काही महिने गोंधळाचे असतात आणि वर्षभरात जवळपास निम्म्या बायकांची पाळी थांबते. काडीत तसा भरवसा देता येत नाही. पाचातल्या साधारण एकीची पाळी थांबते, जवळपास तेवढ्याच जणींचा स्राव लांबतो. सुरुवातीलाच त्रास झालेल्यांपैकी निम्म्यांचा पुढे कमी होतो, बाकींचा चालूच राहतो. पण काडी कुठल्याही दिवशी काढता येते. टोचलेलं इंजेक्शन परत घेता येत नाही, किमान ३ महिने ते शरीरात राहणारच. आणि सोडल्यावर दिवस राहायला इतर साधनांपेक्षा काही महिने जास्त लागतात. माझ्या मते समुपदेशनातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच, आणि तेच बहुतेक वेळा गळतं.

मग तिला विचारायचं. सध्या पाळी कशी येते? मधेच किंवा संबंधानंतर रक्त जातं का? जात असेल तर आधी त्याचं कारण शोधायचं, साधन नंतर. नाहीतर आधीचाच आजार साधनाच्या नावावर खपून जातो. फिट्सच्या किंवा क्षयाच्या काही गोळ्या चालू असतील तर काडीचा परिणाम कमी होतो, म्हणून औषधंही विचारायची. आणि घरात पाळी पाळतात का, हेही. माझ्याकडे ऊसतोडीला जाणारी एक बाई आली होती. तिला डागांचं काहीच वाटत नव्हतं. पण फडात कपडा बदलायला आडोसा नाही आणि पुढचा डोस फेब्रुवारीत, म्हणजे ती कारखान्यावर असताना. आम्ही दोघींनी तारखा मांडल्या आणि तिने तांबी निवडली. तांबीने पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, हेही तिला सांगितलं. पण ते मुख्यतः पाळीच्याच दिवसांत, आणि तेवढं तिला चालणार होतं.

आता तुमच्या जावेबद्दल. चाळीस दिवसांनंतर ‘होतं असं’ म्हणून परत पाठवणं चूकच होतं. नेहमीच्या पाळीच्या दुप्पट स्राव किंवा आठ दिवसांहून लांबलेला स्राव असेल तर तपासायचं असतं: गरोदरपणाची चाचणी, हिमोग्लोबिन, आतून तपासणी. ओटीपोटात दुखत असेल, धाप लागत असेल, चक्कर येत असेल तर त्याच दिवशी. दुसरं कारण सापडलं नाही तर मेफेनॅमिक ॲसिड ५ दिवस देतात. अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर नाही. तो तात्पुरता उतार असतो, पुन्हा स्राव होऊ शकतो, हेही तिला सांगायचं.

इंजेक्शन बंद करायला तिला वेगळं काही करावं लागत नाही. पुढच्या तारखेला ते घ्यायचं नाही, इतकंच. पण त्या तारखेआधी दुसरं साधन ठरवा. आणि या आठवड्यात तिचं हिमोग्लोबिन मात्र बघून घ्या.