‘आजच बंद करा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

«ॲसिडिटीची गोळी जळजळ झाली की जेवणानंतर घ्यावी, रोज घेऊ नये. रोज घेणाऱ्यांची किडनी आणि हाडे जातात, म्हणून आजच बंद करा. बंद केल्यावर जळजळ वाढली तर समजा, शरीराला गोळीचे व्यसन लागले आहे.»

आधी वेळेविषयी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या जठरात साचलेले आम्ल शमवत नाहीत. ते काम बाटलीतल्या अँटासिडचे आहे. या गोळ्या आतड्यात विरघळतात आणि रक्तावाटे जठराच्या भिंतीतील पेशींपर्यंत जाऊन तेथील आम्ल सोडणारे प्रोटॉन पंप बंद करतात. मात्र त्या वेळी जे पंप चालू असतात तेच बंद होतात, आणि रात्रभराच्या उपासानंतर पोटात पहिला घास गेला की सर्वांत जास्त पंप चालू होतात. औषध रक्तात काही तासच असते, त्यामुळे ते नेमके तेव्हा तेथे हजर हवे. म्हणून गोळी सकाळच्या खाण्याआधी 30 ते 60 मिनिटे घ्यायची. सहा वाजता गोळी घेऊन दहा वाजता नाश्ता करणाऱ्याचाही नेम चुकतो. गोळीवरचे आवरण तिला जठरातील आम्लापासून वाचवण्यासाठी असते, म्हणून ती चावू किंवा कुटू नये. शिवाय पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे जेवणानंतर घेतलेल्या एका गोळीने लगेच आराम पडला नाही म्हणून औषधाला नावे ठेवणे योग्य नाही. सौम्य त्रास असलेल्या काहींना डॉक्टर गरजेपुरतीच गोळी घ्यायला सांगतात, हे खरे; पण तेव्हाही ती खाण्याआधीच घ्यायची असते.

किडनी आणि हाडांची भीती निराधार नाही, पण ती जशी सांगितली जाते तशी नाही. या गोळ्यांनी क्वचित एखाद्याच्या मूत्रपिंडाला ॲलर्जीसारखी सूज येते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब जीवनसत्त्व 12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. हाडे मोडणे आणि जुनाट मूत्रपिंडविकार यांचा संबंध मात्र मुख्यतः निरीक्षणात्मक अभ्यासांतून पुढे आला, आणि अशा अभ्यासांत दीर्घकाळ गोळी घेणारी माणसे मुळातच जास्त आजारी असतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदयाचे किंवा रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या सतरा हजारांहून अधिक रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पॅन्टोप्राझोल किंवा तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी देण्यात आली. सुमारे तीन वर्षांत ठळक फरक दिसला तो आतड्यांच्या संसर्गात, तोही थोडा. हाडे किंवा मूत्रपिंडाच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. अर्थात तीन वर्षांवरून पंधरा वर्षांचा निष्कर्ष काढता येत नाही.

बंद केल्यावर वाढणारी जळजळ हे व्यसन नव्हे. आम्ल दीर्घकाळ दबले की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त सोडते आणि आम्ल तयार करणारी यंत्रणा वाढते. गोळी थांबली की ती काही आठवडे जोरात चालते. मुळात कोणतीही तक्रार नसलेल्या निरोगी लोकांना दोन महिने गोळी देऊन थांबवल्यावर त्यांच्यातील काहींनाही जळजळ झाली होती. नेमके हेच ठाऊक नसल्याने अनेकजण आठवड्याभरात पुन्हा गोळीकडे वळतात आणि ‘मला ती जन्मभर लागणार’ असे ठरवून टाकतात.

आता असे समजा, की हा संदेश एकाच घरातील दोघांना आला आहे. बावन्न वर्षांच्या काकूंना चार वर्षांपूर्वी गुडघेदुखीच्या वेदनाशामकासोबत पॅन्टोप्राझोल 40 मिलिग्रॅम दिले गेले. वेदनाशामक महिन्याभरात थांबले. ही गोळी मात्र कोणी न विचारताच मेडिकलच्या दुकानातून येत राहिली. फेरविचार व्हायला हवा तो त्यांच्या गोळीचा, कारण सुरू करण्याचे कारणच उरलेले नाही. डॉक्टरांशी बोलून त्या काही आठवडे 20 मिलिग्रॅमवर येऊ शकतात आणि मग थांबू शकतात. एकदम थांबणेही चालते. मधल्या जळजळीसाठी अँटासिड किंवा आम्ल कमी करणारे फॅमोटिडिन हे वेगळ्या प्रकारचे औषध वापरता येते. दोन महिन्यांनंतरही त्रास टिकला तर तो मूळ आजार असू शकतो आणि तपासणी हवी. काकांना पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेला आहे, आणि स्टेंटनंतर ते ॲस्पिरिन घेतात. त्यांची गोळी पोटाचे रक्षण करण्यासाठी आहे. जळजळ नाही म्हणून ती सोडली, तर पुन्हा रक्तस्राव होण्याचा खरा धोका आहे. अन्ननलिकेला तीव्र जखमा झालेल्या किंवा बॅरेट अन्ननलिका, म्हणजे आम्लामुळे अन्ननलिकेचे अस्तर बदलण्याचा विकार, असे निदान झालेल्या रुग्णांनाही हेच लागू आहे.

गिळायला अडचण, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा कारणाविना घटणारे वजन असेल, तर गोळी घेत राहायची की सोडायची हा प्रश्न बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे. त्यातही रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.