एकाच विद्यापीठाचे दोन पिनकोड: एका प्रतिक्रियेला उत्तर

जर्मन विद्यापीठाला कुरियरने कागदपत्रं पाठवण्याआधी पत्ता मेल करून विचारून घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया आणि माझं उत्तर.

प्रतिक्रिया: "ताई, पत्ता विद्यापीठाच्या वेबसाइटवर असतो, ॲडमिशनच्या पत्रातही असतो. तरी पुन्हा ऑफिसला मेल करून विचारायचं, हे मला पटलं नाही. त्यांच्याकडे हजारो अर्ज येतात. कुरियरवाल्याला पत्ता दिला की तो पोचवतो. उगाच मुलांच्या मनात भीती घालू नका."

तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे मलाही नीट मांडता येईल. पत्ता वेबसाइटवर असतो हे अगदी खरं. अडचण अशी की जर्मनीत तो बहुतेक वेळा एक नसतो. आखनचं आरडब्ल्यूटीएच विद्यापीठ घ्या. आपल्याकडची इंजिनिअरिंगची कितीतरी मुलं तिथे जातात. त्याचे दोन पत्ते असे आहेत, वरचा इमारतीचा आणि खालचा टपालाचा:

```
Hausanschrift:  RWTH Aachen University
                Templergraben 55
                52062 Aachen

Postanschrift:  RWTH Aachen University
                52056 Aachen
```

दुसऱ्या पत्त्यात रस्ता नाही, घर क्रमांक नाही. घाईत काहीतरी गाळलं असेल असं वाटतं, पण तो पत्ता पूर्ण आहे. जर्मनीत 1993 साली पाच आकडी पिनकोड आले तेव्हा रस्त्यांसाठी वेगळे, पोस्ट बॉक्ससाठी वेगळे आणि रोज ढिगाने टपाल येणाऱ्या मोठ्या संस्थांसाठी वेगळे कोड ठेवले गेले. 52056 हा त्या तिसऱ्या प्रकारचा. तो आकडा म्हणजेच विद्यापीठ. जर्मन पोस्टाला तो पुरतो, कारण त्या कोडाचं सगळं टपाल एकगठ्ठा विद्यापीठाला मिळतं.

खासगी कुरियरचं तसं नाही. त्यांचा माणूस गाडी घेऊन एका दारापाशी जातो आणि सही घेतो. त्याला रस्ता लागतो, दार लागतं. पोस्ट बॉक्सच्या पत्त्यावर तर तो जाऊच शकत नाही. म्हणजे वेबसाइटवरचे दोन्ही पत्ते बरोबर असून, पाठवणारा पोस्टाने पाठवतोय की कुरियरने, यावर एक चालतो आणि दुसरा चालत नाही. पत्राच्या तळाशी मात्र बहुधा टपालाचाच छापलेला असतो.

माझ्या भाचीचं काय झालं ते सांगते, म्हणजे मी एवढा आग्रह का धरते ते कळेल. विद्यापीठाचं नाव घेत नाही. तिला मार्कशीट आणि पदवीच्या प्रमाणित प्रती पाठवायच्या होत्या. पत्रात असाच बिनरस्त्याचा पत्ता होता. नाशिकला कुरियरच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, रस्त्याचा रकाना भरल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही." त्याने तिथेच मोबाइलवर विद्यापीठाचं नाव शोधलं, मुख्य इमारतीचा रस्ता घातला आणि पिनकोड पत्रातलाच ठेवला. रस्त्याच्या नावात शेवटी ß हे अक्षर होतं, ते त्याने B असं टाइप केलं. (तिथे ss लिहायचं असतं.) मुलगा कामाचा होता, मदतच करत होता. पण पाकिटावर आता असा पत्ता होता, जो जगात कुठेच नव्हता.

पाकीट जर्मनीत वेळेत पोचलं. मग ट्रॅकिंगवर दोन दिवस 'पत्त्याची अधिक माहिती हवी' असं दिसत राहिलं. तिसऱ्या दिवशी 'डिलिव्हर्ड' आलं, सही करणाऱ्याचं आडनावही आलं, आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. विद्यापीठाच्या पोर्टलवर मात्र 'कागदपत्रं बाकी' हेच आठ दिवस. सही टपाल घेणाऱ्या खोलीतल्या माणसाची होती, आणि ती खोली दुसऱ्याच आवारात होती. प्रवेश विभागापर्यंत काही गेलंच नव्हतं. कुरियरचा बिल नंबर आणि सहीचं आडनाव मेलने कळवल्यावर तिथल्या बाईंनी शोध घेतला आणि मुदतीला तीन दिवस उरले असताना पाकीट सापडलं. नसतं सापडलं, तर प्रती पुन्हा प्रमाणित करून घेण्यापासून सुरुवात होती. आणि तिच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की टपाल टाकल्याची तारीख नव्हे, हातात पडल्याची तारीख धरली जाईल.

आता तुमचा मुद्दा, त्यांच्या वेळेचा. म्हणूनच मेल असा लिहायचा की उत्तर एका ओळीत देता यावं. 'कृपया पत्ता कळवा' असं लिहिलंत तर ते वेबसाइटची लिंक पाठवतील, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक आणि पासपोर्टवर आहे तसं नाव. आत पहिल्याच वाक्यात, कोणते कागद, कोणत्या कुरियरने, कोणत्या तारखेला निघणार. त्याखाली पाकिटावर जसा लिहिणार तसा पूर्ण पत्ता ओळीखाली ओळ: विद्यापीठ, विभागाचं नाव, इमारत किंवा खोली, रस्ता, पिनकोड, गाव. आणि मग एकच प्रश्न: कुरियरसाठी हा पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर आहे का, नसेल तर कुठे दुरुस्ती करू? ज्याला उत्तर द्यायचंय तो 'हो' लिहितो किंवा एक ओळ बदलून परत पाठवतो. विभागाचा फोन नंबरही याच मेलमध्ये मागावा, कारण कुरियरच्या बिलावर घेणाऱ्याचा फोन लागतोच, आणि विद्यार्थी तिथे स्वतःचा भारतातला नंबर टाकून मोकळे होतात. मग तिकडच्या ड्रायव्हरने फोन करायचा कुणाला?

याच मेलमध्ये आणखी एक गोष्ट विचारावी असं मी कळकळीने सांगते: 'ओरिजिनल' म्हणजे त्यांना नक्की काय हवंय? जर्मन विद्यापीठं पोस्टाने मागतात ती बहुधा प्रमाणित प्रत असते, म्हणजे झेरॉक्सच, पण तिच्यावर अधिकाऱ्याचा प्रत्यक्ष शिक्का आणि शाईची सही. मुंबईतल्या जर्मन वकिलातीत ती करून मिळते. त्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढली तर ती चालत नाही, म्हणून इंग्रजी मेलमध्ये 'ओरिजिनल' शब्द येतो. तो वाचून मुलं पदवीचं मूळ प्रमाणपत्रच पाकिटात घालतात. अर्जासोबत आलेले कागद परत न पाठवण्याचा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. मूळ प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी स्वतः नेऊन दाखवायचं असतं. ते आधीच टपालात गेलं तर दाखवणार काय?

मेल कुरियर निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी गेला पाहिजे. आदल्या रात्री पाठवून सकाळी उत्तराची वाट बघण्यात अर्थ नाही, उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात आणि हिवाळ्यात साडेचार. आलेल्या उत्तराची प्रिंट काढून काउंटरवर न्यावी आणि बिल छापण्याआधी स्क्रीनवरचा पत्ता तिच्याशी ताडून बघावा.

एका बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. ज्या विद्यापीठाने 'कुरियरसाठीचा पत्ता' असं वेगळं शीर्षक देऊन विभागासकट पत्ता छापलाय, तिथे मेल नको. माझ्या मूळ लेखात मी सरसकट 'मेल कराच' असं लिहिलं होतं, ते वाक्य आज बदललं आहे.